अंगठ्याखालची ओळ

पद : उत्तरलेखक, श्रेणी दोन. विषय : गणित व संख्याशास्त्र. लिंग : स्त्री. वय : बावन्न. उंची : सदैव बसलेल्या अवस्थेत आढळल्यामुळे नोंद नाही. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा, पेन सुटून नऊ वर्षं झाली, घट्टा कायम. अनुभव : वर्गात सतरा वर्षे, पडद्यासमोर नऊ. वर्तणूक : समाधानकारक. विशेष कौशल्य : नॉर्मल वितरणाचे कोष्टक चार दशांश स्थळांपर्यंत तोंडपाठ. मागील सहामाहीतील अचूकता : नव्व्याण्णव पूर्णांक चार दशांश टक्के. शेरा : सदर कर्मचारी सहसा प्रश्न परत पाठवीत नाही.

हा शेरा स्तुती म्हणून लिहिलेला होता.

बाईंचं काम सांगायला सोपं आहे. कुठेतरी कुणीतरी एका गणितापाशी अडतं, फोनने त्याचा फोटो काढतं आणि पाठवतं. तो फोटो चौथ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत, बावीस टेबलांपैकी एकावर उतरतो. पडद्याच्या कोपऱ्यात चार मिनिटांचं घड्याळ उलटं धावू लागतं. घड्याळ संपायच्या आत उत्तर पायऱ्यांसकट गेलं पाहिजे. मग पुढचा फोटो. बाई दिवसाला शंभरेक फोटो निपटत.

फोटोंबरोबर घरंही येत. चादरीचा कोपरा, चहाच्या कपाचं वर्तुळ, पायाची बोटं, एकदा तर वर्गमुळाच्या चिन्हावर निवांत झोपलेलं मांजर. गणित मात्र पुष्कळदा अर्धंच येई. कडेची ओळ कापलेली, वरची धूसर, मधल्या शब्दावर सावली. अशा वेळी 'फोटो पुन्हा पाठवा' असं एक बटण होतं. पण ते दाबलं की दाबणाऱ्याचा क्रमांक कामगिरीच्या यादीत खाली सरके. त्यामुळे त्या खोलीत एक कला रुजली होती. न दिसणारी ओळ वाचण्याची कला. शेपटावरून अख्खं जनावर ओळखायचं, आणि चार मिनिटांत त्याला दावणीला बांधायचं.

बाईंच्या शेजारी भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक बसत. खोलीत त्यांना सगळे गुळगुळीतकाका म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक उत्तर 'घर्षण नाही असे समजू' या वाक्याने सुरू होई. बाईंना म्हणत कोष्टकबाई. त्यांची उत्तरं पुष्कळदा कशाने सुरू होत, हे त्या गुरुवारपर्यंत कुणाच्या, खुद्द बाईंच्याही, लक्षात आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एक फोटो आला. छापील सरावपत्रिका, प्रश्न सातवा. 'एका मार्गावर बसच्या एका फेरीस लागणाऱ्या वेळेची सरासरी 40 मिनिटे व प्रचरण 36 आहे.' याच्या पुढे, ओळीच्या उरलेल्या भागावर, एक अंगठा. नखावरचा रंग अर्धा उडालेला. पुढच्या ओळीवर : 'तर एखाद्या फेरीस 58 मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ लागण्याची संभाव्यता जास्तीत जास्त किती असू शकेल?'

बाईंना अंगठ्याखालची ओळ लख्ख दिसली. 'ही वेळ नॉर्मल वितरणानुसार आहे असे माना.' दुसरं काय असणार? त्यांनी लिहिलं : वेळ नॉर्मल आहे असे धरू. प्रचरण छत्तीस, म्हणून प्रमाण विचलन सहा. अठ्ठावन्न वजा चाळीस, अठरा, म्हणजे तीन विचलनं. कोष्टकात तिनापुढे 0.9987. एकातून वजा केले, उरले 0.0013. दहा हजार फेऱ्यांत तेरा. एकूण वेळ दोन मिनिटं दहा सेकंद. 'जास्तीत जास्त' हे शब्द त्यांनी वाचले होते. प्रश्न काढणाऱ्याची हौस, असं समजून सोडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा महाविद्यालयात चाचणी होती आणि तीच पत्रिका सगळ्या वर्गाला वाटलेली होती. दुपारपर्यंत त्याच प्रश्नाचे फोटो धडाधड आले. यंत्राने पत्रिका ओळखली, बाईंच्या उत्तरावर 'आदर्श उत्तर' असा हिरवा शिक्का मारला, आणि माणसांना न विचारता तेच सगळ्यांना वाटायला सुरुवात केली. तीन वाजेपर्यंत ते एकशे बारा जणांकडे पोहोचलं होतं.

तीन वाजून पाच मिनिटांनी तक्रार आली. पहिला फोटो जिने पाठवला होता, तिचीच.

'मॅडम, नॉर्मल आहे असं प्रश्नात कुठे म्हटलंय?'

बाईंनी मायेने लिहिलं, 'बाळ, ती ओळ तुझ्या अंगठ्याखाली गेली आहे. अंगठा काढून फोटो पाठव, म्हणजे तुलाच दिसेल.'

दोन मिनिटांनी फोटो आला. सोबत एक ओळ : 'अंगठा काढला, मॅडम. खाली काही नाहीये.'

खरंच काही नव्हतं. 'आहे' नंतर पूर्णविराम, आणि पुढे कोरा कागद. प्रश्नाचं दुसरं वाक्य नव्या ओळीवर सुरू होत होतं, एवढंच. कोऱ्या भागात डाळीच्या दाण्याएवढा एक तेलकट डाग होता. बाईंनी तो भाग मोठा केला. मग आणखी मोठा केला. रिकामी जागा मोठी केली की मोठी रिकामी जागा होते, हे कळायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. पण त्या बघत राहिल्या. घड्याळ लाल झालं, शून्यावर आलं, पुढचा फोटो आपोआप काकांच्या पडद्यावर गेला.

"बाई, तुमचं प्रमेय माझ्याकडे आलंय," काका म्हणाले. "मी यात घर्षण कुठं शोधू?"

बाई अजून त्या डागाकडेच बघत होत्या. त्यांना ओळ नुसती आठवत नव्हती, ती दिसलेली होती. टाइप, वळण, 'माना' मधला काना, सगळं. नसलेलं वाक्य त्यांनी शुद्धलेखनासकट वाचलं होतं.

मुलीचा पुन्हा निरोप आला. 'आमच्या वर्गात सगळ्यांनी 0.0013 उतरवून घेतलंय. मी एकटीच चुकतेय का?'

बाईंनी टेबलाच्या खणातून वही काढली. वही ठेवायला परवानगी होती, वापरायला वेळ नव्हता, म्हणून ती कोरी होती.

प्रश्नाने दोनच गोष्टी दिल्या होत्या : सरासरी आणि प्रचरण. वेळ कशी पसरली आहे, मधे फुगून दोन्हीकडे उतरते की आणखी कशी, याबद्दल अवाक्षर नव्हतं. तेवढ्यावर नेमकी संभाव्यता कुणाच्या बापाला काढता येत नाही. फक्त छत सांगता येतं : वेळ कशीही पसरलेली असो, याच्या वर संभाव्यता जाणार नाही. आणि प्रश्न तेच विचारत होता. 'जास्तीत जास्त.' प्रश्न पहिल्यापासून पूर्ण होता. अर्धा फक्त त्यांना वाटला होता.

पहिलं छत त्यांना झोपेतही आठवलं असतं. चेबिशेव्हची असमानता, वर्गात सतरा वर्षं शिकवलेली. सरासरीपासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी म्हणजे प्रचरण, छत्तीस. जी फेरी अठरा मिनिटं किंवा जास्त दूर पडते, तिचा वर्ग किमान तीनशे चोवीस. छत्तीस भागिले तीनशे चोवीस, एक नवमांश. पण त्यात दोन्ही टोकं येतात, अठ्ठावन्नच्या वरचं आणि बावीसच्या खालचंही. विचारलं होतं एकच टोक.

त्यासाठी एक युक्ती आहे आणि तीही बाईंना येत होती. फेरीच्या वेळेतून चाळीस वजा करायचे, दोन मिळवायचे, मग वर्ग करायचा. या वर्गांची सरासरी येते चाळीस : छत्तीस प्रचरणाचे, चार त्या दोनाच्या वर्गाचे. अठ्ठावन्न मिनिटं किंवा जास्त घेणाऱ्या फेरीचा वर्ग किमान वीस गुणिले वीस, चारशे. वर्ग ऋण नसतो, त्यामुळे बाकीच्या फेऱ्या फार तर शून्य घालतील; उणे घालून कुणी सांभाळून घेणार नाही. सरासरी चाळीसच राहायची, तर चारशेवाल्या फेऱ्या दहात एकीपेक्षा जास्त मावत नाहीत. चाळीस भागिले चारशे. एक दशांश.

0.1. आणि त्यांनी वाटलं होतं 0.0013. जवळजवळ सत्त्याहत्तर पट कमी.

छत फार उंच असेल, तिथपर्यंत प्रत्यक्षात काही पोहोचत नसेल, अशी एक आशा उरली होती. बाईंनी तीही तपासली. दहा फेऱ्या घेतल्या. नऊ फेऱ्या अडतीस मिनिटांच्या, दहावी अठ्ठावन्नची. बेरीज चारशे, सरासरी चाळीस. अंतरांचे वर्ग : नऊदा चार, छत्तीस; एकदा तीनशे चोवीस. बेरीज तीनशे साठ. दहाने भागा. छत्तीस.

बरोबर छत्तीस. सरासरी तीच, प्रचरण तेच, आणि दहातली एक फेरी अठ्ठावन्नची. छताला डोकं टेकत होतं.

"काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही घर्षण नाही असं समजता, ते प्रश्नात दिलेलं असतं का?"

"कधी असतं, कधी नसतं."

"नसतं तेव्हा?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, दुपारचे साडेतीन वाजलेत. असले प्रश्न सकाळी विचारावेत."

मग बाईंनी न करण्यासारखी गोष्ट केली. यंत्रात स्वतःची जुनी उत्तरं उघडली आणि 'नॉर्मल आहे असे धरू' हे शब्द शोधले. तीनशे चाळीस उत्तरं निघाली. पहिली वीस त्यांनी मूळ फोटोंशी ताडून पाहिली. बारांत ती अट प्रश्नातच होती. आठांत नव्हती. त्या आठ फोटोंवर अंगठा नव्हता, सावली नव्हती, कडा कापलेली नव्हती. स्वच्छ, सरळ, उजेडात काढलेले फोटो. तरीही बाईंनी अट घातली होती. आजवर कुणी विचारलं नव्हतं, कारण उत्तर चार दशांशांपर्यंत होतं, आणि चार दशांशांना माणसं सहसा उलटून बोलत नाहीत.

एकविसावं उत्तर उघडायचं धाडस त्यांना झालं नाही.

चार वाजता रोजच्याप्रमाणे यजमानांचा फोन आला. ते बस आगारात वेळनोंद ठेवत. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोहोचली, छत्तीस वर्षं हेच. चार महिन्यांनी निवृत्त होणार होते, आणि त्यानंतर घरात एकच पगार यायचा होता, तो बाईंचा.

"अगं, दुधाचं सांगून ठेवलंस का?"

"अहो, एक विचारू? दहा फेऱ्यांत नऊ अडतीस मिनिटांत येतात आणि दहावी अठ्ठावन्न घेते, असं कधी खरंच होतं का?"

"होतं का काय विचारतेस. सात नंबरचा मार्ग आहे. रेल्वेचं फाटक उघडं मिळालं तर अडतीस, बंद मिळालं की झाले अठ्ठावन्न. मधलं काही नाहीच."

"मधलं काहीच नाही?"

"फाटक अर्धं उघडतं का कधी? वरचे साहेब दर महिन्याला सरासरी बघतात. चाळीस. खूश होतात. ज्याची गाडी चुकते तो मला येऊन शिव्या देतो, सरासरीला नाही. का गं, कुणी तक्रार केली?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्याविरुद्ध."

सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस रोज संध्याकाळी सात नंबरबद्दल कुरकुरत आला होता आणि बाई रोज 'हूं' म्हणत आल्या होत्या. घंटेच्या आकाराची ती गोंडस वक्ररेषा त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कधीच नव्हती. होतं ते फाटक.

आता उरला पडदा आणि त्यावरची दोन बटणं. पहिलं : 'फोटो अस्पष्ट'. ते दाबलं की चूक मुलीच्या नावावर जाते, तक्रार मिटते, हिरवा शिक्का तसाच राहतो आणि उद्या सगळा वर्ग चाचणीत 0.0013 लिहितो. दुसरं : 'उत्तर मागे'. त्याचा नियम सगळ्यांना पाठ होता. सहा महिन्यांत तीन उत्तरं मागे घेतली की नाव यादीतून जातं, म्हणजे नोकरीच जाते. बाईंची दोन झाली होती. एकदा वजाचं चिन्ह राहिलं होतं. एकदा काकांची आकृती चुकून त्यांच्या उत्तराला चिकटली होती.

पाळीप्रमुखांना हे सगळं त्यांच्या पडद्यावर दिसतच होतं. ते बत्तीस वर्षांचे होते, वाणिज्य शाखेचे, आणि स्वभावाने खरोखरच बरे. पाण्याची बाटली हातात घेऊन टेबलापाशी आले.

"बाई, तक्रार तासभर उघडी आहे. अस्पष्ट टाका आणि मोकळ्या व्हा. अंगठा तर आहेच फोटोत."

"अंगठ्याखाली काही नव्हतं, साहेब."

"ते तुम्हाला तेव्हा कुठं माहीत होतं?"

"तेच म्हणतेय मी. माहीत नव्हतं, तरी लिहिलं."

साहेबांनी वहीत डोकावून पाहिलं. माणूस हुशार होता. "हे बघा, छत आलंय शून्य पूर्णांक एक. तुमचं उत्तर त्याच्या खालीच आहे ना? मग चुकलं कुठं? मावतंय की."

"छत किती उंच आहे विचारलंय. मी खाली उभ्या असलेल्या एका माणसाची उंची सांगितली. आणि तो माणूसही मीच आणून उभा केलेला."

काकांना हसू आलं, पण ते त्यांनी खोकल्यात घातलं.

"एकशे बारापैकी एकीनं विचारलं, बाई. एकीनं."

"बाकीच्या एकशे अकरांना उद्या कळेल."

"तिसरं आहे, हे लक्षात आहे ना?"

"तीनपर्यंत मला मोजता येतं."

साहेबांनी बाटलीचं झाकण उघडलं, लावलं. "नियम मी केलेला नाही," ते हळू म्हणाले. "यंत्र परस्पर नाव काढतं. मला थांबवता येत नाही. खरंच येत नाही."

"माहितीये," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःच्याच आवाजाचं आश्चर्य वाटलं. तो वर्गातला होता, नऊ वर्षांपूर्वीचा. वर्गात पोरं विचारत, 'बाई, कोष्टकातून चांगलं नेमकं उत्तर येतं, हे ढोबळ छत कशाला शिकायचं?' आणि त्या म्हणत, 'ढोबळ आहे, पण खोटं नाही.' मुलं ते वहीत उतरवून घेत. बाईंनी ते कुठे सांडलं, ते त्या गुरुवारी कळलं.

त्यांनी 'उत्तर मागे' दाबलं. 'खात्री आहे का?' असं विचारलं गेलं. पुन्हा दाबलं. कारणाच्या चौकटीत जागा जेमतेम होती. त्यांनी लिहिलं : 'प्रश्नात नसलेली अट मी घातली.'

मग नवं उत्तर लिहायला घेतलं. सरासरी, प्रचरण, दोन मिळवायची युक्ती, चाळीस भागिले चारशे. पुस्तकात दोन्ही टोकांची असमानता असेल तर एक नवमांश मिळेल. तोही खरा, पण एका टोकासाठी एक दशांश जास्त घट्ट, आणि त्याहून घट्ट होणार नाही, हेही लिहिलं. पुरावा म्हणून त्या दहा फेऱ्या. मधे घड्याळ लाल होऊन विझलं. त्याला विझू दिलं. अकरा मिनिटं लागली. त्या खोलीत एका उत्तराला अकरा मिनिटं कुणी घेतल्याची नोंद नाही.

शेवटी मुलीला लिहिलं, 'तू चुकत नव्हतीस. मी चुकले. वर्गात सगळ्यांना सांग.'

'सांगते मॅडम. पण ते म्हणतील, चार दशांशवालं उत्तर जास्त बरोबर दिसतं.'

बाईंनी हे दोनदा वाचलं आणि वही खणात ठेवली.

घरी जेवताना त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्हणजे सात नंबरनं तुझी नोकरी घेतली."

"नाही हो. सात नंबरनं काही केलं नाही. मी तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं."

सोमवारी यादीत नाव नव्हतं. काकांनी खणातली वही घरी आणून दिली आणि दारातच सांगितलं की शुक्रवारपासून त्यांनी सहा फोटो परत पाठवले, त्यांत एकात घर्षण निघालं. आत या म्हटलं तर आले नाहीत, घड्याळाची सवय.

त्याच दिवशी कार्यालयाचं पत्र मिळालं. 'सदर प्रश्नाचे पूर्वीचे उत्तर मागे घेण्यात आले असून, विद्यार्थिहितास सर्वोच्च प्राधान्य देण्याच्या संस्थेच्या धोरणानुसार सुधारित उत्तर चाचणीपूर्वीच सर्व एकशे बारा संबंधितांपर्यंत यशस्वीरीत्या पोहोचविण्यात आले आहे. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'

त्यांपैकी चौदा जणांनी ते उघडलं.